फॉस्फोरिक आम्ल: ठरावीक सामूला कोणते रूप किती?

चंचुपात्र

नमस्कार. एक हिशेब तीन दिवस सुटत नाही, म्हणून धागा काढतो आहे. ७.४ सामूचे, एकूण ०.१ मोलर फॉस्फेट असलेले द्रावण NaH₂PO₄ आणि Na₂HPO₄ हे दोन क्षार मिसळून करायचे आहे. कोणता क्षार किती घ्यायचा हे ठरवण्यासाठी त्या सामूला H₃PO₄, H₂PO₄⁻, HPO₄²⁻ आणि PO₄³⁻ या चार रूपांचा वाटा किती, हे तिन्ही विचरण स्थिरांकांवरून काढायला बसलो. pK ची मूल्ये २.१५, ७.२० आणि १२.३५ घेतली. हायड्रोजन आयनांची संहती h मानून स्प्रेडशीटमध्ये छेद असा मांडला:

```
D = h^3 + K1*h^2 + K2*h + K3
```

चारही पदांना D ने भागले की चार वाटे मिळतात आणि त्यांची बेरीज बरोबर एक येते. पण PO₄³⁻ चा वाटा ९९.४ टक्के दिसतो! तिसरा pK १२.३५ असताना ७.४ लाच जवळजवळ सगळे फॉस्फेट तिन्ही प्रोटॉन सोडून मोकळे झाले, हे पटत नाही. आकडे पुन्हा पुन्हा पाहिले, टंकनाची चूक नाही.

अर्धमोल

इतका मोठा छेद मांडायची गरजच नाही. सामूच्या सर्वांत जवळचा pK घ्यायचा आणि बाकीचे दोन विसरून जायचे. ७.४ उणे ७.२० म्हणजे ०.२०, आणि दहाचा ०.२० वा घात १.५८५. HPO₄²⁻ आणि H₂PO₄⁻ यांचे गुणोत्तर १.५८५ ला १, म्हणजे सुमारे ६१ टक्के आणि ३९ टक्के. शिवाय सामू ठरलेला असला की हे वाटे एकूण संहतीवर अवलंबून नसतात, त्यामुळे तुमचे ०.१ मोलर इथे मध्येच येत नाही. त्या प्रमाणात क्षार तोला आणि मिसळा.

मोजपट्टी

अर्धमोल यांचे उत्तर आकड्याने तुमच्या सूत्राच्या बरोबर उत्तराशी जुळेल, पण तुमची चूक कुठे आहे हे त्यातून कळत नाही, म्हणून आधी तिकडे पाहू.

बेरीज एक येणे ही इथे तपासणी नव्हेच. कुठल्याही चार संख्यांना त्यांच्याच बेरजेने भागले तरी एकच येणार. खरी तपासणी एककांची आहे. तुमच्या छेदातले पहिले पद संहतीच्या तिसऱ्या घाताचे आहे, दुसरेही तिसऱ्याच घाताचे आहे, पण K2*h दुसऱ्या घाताचे आणि K3 पहिल्या घाताचे आहे. अशा पदांची बेरीज करणे म्हणजे घनमीटरमध्ये मीटर मिळवण्यासारखे आहे, आणि तुमच्या आकड्यांत नेमके तेच झाले. h आणि K2 लहान असल्यामुळे ज्या पदाला त्यांचा गुणाकार कमी वेळा लागला ते पद मोठे दिसले.

K3 हा HPO₄²⁻ आणि PO₄³⁻ यांच्यातला दुवा आहे. H₃PO₄ शी त्याचा थेट संबंध नाही. पहिल्या रूपापासून चौथ्या रूपापर्यंत जायचे तर तिन्ही पायऱ्या उतराव्या लागतात, आणि प्रत्येक पायरीला त्या पायरीचा K गुणून h ने भागावे लागते. सगळ्यांना h च्या तिसऱ्या घाताने गुणले की छेद असा होतो:

```
D = h^3 + K1*h^2 + K1*K2*h + K1*K2*K3
```

तुमच्या मूल्यांनी ७.४ ला ही पदे येतात:

```
h^3        6.3e-23
K1*h^2     1.12e-17
K1*K2*h    1.78e-17
K1*K2*K3   2.0e-22
```

बेरीज 2.90e-17. म्हणजे H₂PO₄⁻ ३८.७ टक्के आणि HPO₄²⁻ ६१.३ टक्के. H₃PO₄ दहा लाखांत सुमारे दोन, PO₄³⁻ दहा लाखांत सुमारे सात.

अशा पत्रकाची आणखी एक तपासणी मी नेहमी करतो. सामूच्या जागी ७.२० टाकावा, H₂PO₄⁻ आणि HPO₄²⁻ यांचे वाटे हुबेहूब सारखे यायला हवेत. तसेच २.१५ ला पहिली दोन रूपे आणि १२.३५ ला शेवटची दोन. तुमच्या जुन्या सूत्रात ही तपासणी पहिल्याच फटक्यात कोसळली असती.

चंचुपात्र

मनापासून आभार. स्थिरांकांचे गुणाकार घ्यायचे हे माझ्या डोक्यातून पार निसटले होते. सूत्र बदलले, तिन्ही ठिकाणी जोड्या समान येतात. मग अर्धमोल म्हणतात त्याप्रमाणे ६१ आणि ३९ हेच प्रमाण धरून क्षार तोलू ना?

अर्धमोल

पाहा, माझ्या दोन ओळींच्या हिशेबाने आणि तुमच्या चार पदांच्या छेदाने तेच उत्तर दिले. मग त्या लांबलचक सूत्राचा उपयोग काय, हे मोजपट्टी यांनी सांगावे.

मोजपट्टी

७.४ ला उपयोग नाही, हे मान्य. पण हाच प्रश्न ४.६७५ सामूला विचारून पाहा, कारण तो बिंदू पहिल्या आणि दुसऱ्या pK च्या बरोबर मध्ये आहे. तिथे H₂PO₄⁻ ९९.४ टक्के असते आणि उरलेल्यात H₃PO₄ व HPO₄²⁻ प्रत्येकी ०.३ टक्के असतात. फक्त K2 घेतलात तर H₃PO₄ शून्य मानावे लागेल. मुख्य रूपाचा आकडा फारसा हलणार नाही, पण सरासरी प्रभार बिघडेल. खरा सरासरी प्रभार तिथे नेमका उणे एक असतो, कारण एका बाजूची कमतरता दुसऱ्या बाजूच्या जादा प्रभाराने भरून निघते. तुमच्या पद्धतीने तो उणे १.००३ येईल. टायट्रेशनचा वक्र काढताना किंवा प्रभारांचा ताळेबंद मांडताना हा तीन सहस्रांश फरक सामू चांगलाच हलवतो, कारण त्या भागात वक्र उभाच असतो. जवळचा pK घेण्याची युक्ती pK च्या एक-सव्वा एकक आसपास निर्धोक आहे, मधल्या भागात नाही.

संहतीबद्दलचे तुमचे विधान मात्र अर्धेच खरे आहे. चंचुपात्र, क्षार तोलण्याआधी थोडे थांबा, त्यावर लिहितो.

पाऊलखूण

मला वाटते सगळेच उगाच फिरवून सांगत आहेत. ०.१ मोलर फॉस्फोरिक आम्लाचा सामू काढायला पहिला स्थिरांक पुरतो. वर्गसमीकरण सोडवले की h ०.०२३३ येतो आणि सामू १.६३. बाकी रूपांचा विचार करायचाच कशाला?

मोजपट्टी

तुमचे गणित बरोबर आहे, पण प्रश्न वेगळा आहे. तुम्ही आम्लाची संहती देऊन सामू शोधलात. इथे सामू दिलेला आहे आणि वाटे शोधायचे आहेत. तुम्ही काढलेला १.६३ वरच्या सूत्रात घातलात तर H₂PO₄⁻ चा वाटा २३ टक्क्यांच्या आसपास येईल, आणि तो तुमच्या h भागिले ०.१ याच्याशी जुळेल. दोन्ही प्रश्नांची गाठ तिथे पडते, एवढेच.

शांतरस

माझा अनुभव इथे उपयोगी पडेल असे वाटते. मी याच सामूसाठी हाच हिशेब करून ०.१ मोलर द्रावण केले होते, ६१ भाग Na₂HPO₄ आणि ३९ भाग NaH₂PO₄. मीटरने ७.०२ दाखवले. मी मीटरला दोष दिला, पुन्हा कॅलिब्रेट केले, शेवटी इलेक्ट्रोड बदलला. नवा इलेक्ट्रोडही ७.०२ च दाखवतो! अखेर सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकत ७.४ पर्यंत आणले आणि विषय सोडून दिला, पण ते ०.३८ एकक कुठे गेले हे आजही कळलेले नाही.

अर्धमोल

तुम्ही Na₂HPO₄ चा पाणी धरलेला स्फटिक तोलला असणार. निर्जल क्षाराचा रेणुभार १४२ आणि बारा पाण्यांच्या क्षाराचा ३५८. १४२ धरून दुसरा तोललात तर निम्म्याहून कमी मोल पडतात आणि सामू खाली येतो.

शांतरस

मलाही आधी तीच शंका आली होती. पण बाटलीवर निर्जल असे लिहिले होते आणि क्षार ओव्हनमध्ये वाळवून घेतला होता. शिवाय तशी चूक असती तर सामू ७.०२ पेक्षाही खाली गेला नसता का?

मोजपट्टी

शांतरस यांची शंका रास्त आहे. निर्जल समजून बारा पाण्यांचा क्षार पडला असता तर HPO₄²⁻ चे मोल सुमारे ४० टक्क्यांवर आले असते, आणि सामू ७.० च्या बराच खाली गेला असता. शांतरस, तुमचा मीटर, इलेक्ट्रोड आणि तराजू तिन्ही निर्दोष आहेत. मीटर ज्या बाटलीने लावलात तिच्यावरचा आकडा आठवा.

६.८६ चे जे कॅलिब्रेशन बफर असते त्याची मूळ कृती अशी आहे: KH₂PO₄ आणि Na₂HPO₄ प्रत्येकी ०.०२५ मोल, एक किलो पाण्यात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २५ अंश सेल्सिअसला त्याचा सामू ६.८६५ दिला आहे. त्यात दोन्ही रूपांचे मोल अगदी सारखे आहेत. वाटे समान असतील तेव्हा सामू pK2 इतका असावा, म्हणजे आपल्या सूत्राप्रमाणे ७.२० यायला हवा होता. तो तिथेही ०.३४ ने खाली आहे, आणि त्याच बाटलीने आपण सगळे मीटर लावतो.

फरक स्थिरांकात आहे. ७.२० हे मूल्य अनंत विरल द्रावणासाठी, सक्रियतेच्या भाषेत दिलेले असते. इलेक्ट्रोड हायड्रोजन आयनांची सक्रियता मोजतो, ते ठीक; पण आपण क्षार तोलतो तेव्हा H₂PO₄⁻ आणि HPO₄²⁻ यांची संहती ठरवतो. आयनांच्या गर्दीत दुहेरी प्रभाराच्या HPO₄²⁻ ची सक्रियता एकेरी प्रभाराच्या H₂PO₄⁻ पेक्षा फार जास्त घटते, म्हणून सामू तेवढाच ठेवायचा तर HPO₄²⁻ चे मोल जास्त लागतात. संहतीच्या भाषेत बोलायचे तर pK2 खाली सरकतो. किती सरकतो याचा अंदाज डेव्हिस समीकरणातून येतो. I म्हणजे आयनिक स्ट्रेंग्थ:

```
f = sqrt(I)/(1 + sqrt(I)) - 0.3*I
pK2' = 7.20 - 3*0.51*f
```

मधला ३ म्हणजे दोन आयनांच्या प्रभारांच्या वर्गांतला फरक, चार उणे एक. कॅलिब्रेशन बफरसाठी I ०.१ येते, f ०.२१० येतो आणि pK2' ६.८८. प्रत्यक्षात ६.८६५ आहे. इतक्या साध्या समीकरणाकडून मी यापेक्षा जास्त अपेक्षा करत नाही.

चंचुपात्र

म्हणजे मी ७.२० च्या जागी ६.८८ घालू? तसे केले तर HPO₄²⁻ ७६.८ टक्के येते.

मोजपट्टी

नाही, ६.८८ त्या बाटलीचा आहे. तुमचे द्रावण ०.१ मोलर आहे, त्याची आयनिक स्ट्रेंग्थ वेगळी येईल, आणि ती वाट्यांवरच अवलंबून असल्यामुळे हिशेब दोनदा फिरवावा लागेल. NaH₂PO₄ चा प्रत्येक मोल I मध्ये एक भर घालतो, Na₂HPO₄ चा प्रत्येक मोल तीन.

सुरुवात ६१ आणि ३९ ने करा. I म्हणजे ०.०३९ अधिक ०.०६१ च्या तिप्पट, एकूण ०.२२. त्यावरून pK2' ६.८१ आणि HPO₄²⁻ चा वाटा सुमारे ७९.५ टक्के. आता या नव्या वाट्याने I पुन्हा काढा, ०.२६ येते, pK2' ६.८० आणि वाटा ८० टक्के. तिसऱ्या फेरीत काही हलत नाही. म्हणजे तुम्हाला ८० भाग Na₂HPO₄ आणि २० भाग NaH₂PO₄ घ्यायचे आहे, ६१ आणि ३९ नव्हे. प्रयोगशाळांत फिरणारे ०.१ मोलर सोडियम फॉस्फेटचे जे तक्ते आहेत त्यांत ७.४ साठी Na₂HPO₄ चे प्रमाण ७७ ते ८१ च्या दरम्यान दिसते, तेव्हा आपण योग्य जागी आलो आहोत.

शांतरस यांचे ७.०२ आता सरळ वाचता येईल. ७.४ च्या परिसरात बाकीची दोन रूपे दहा लाखांत काही इतकीच असल्यामुळे तोललेले मोल म्हणजेच वाटे. त्यांचे गुणोत्तर १.५६, त्याचा लॉगरिदम ०.१९, ७.०२ मधून तो वजा केला की ६.८३ उरतात. तुम्ही नकळत तुमच्या द्रावणाचा pK2' मोजला होता, आणि समीकरण ६.८१ म्हणते.

शांतरस

आणि मी तो इलेक्ट्रोड फेकून दिला.

अर्धमोल

माझे विधान मागे घेतो, पण पूर्ण नाही. सूत्रात संहती नाही हे खरेच आहे. ती स्थिरांकाच्या आडून आत येते. म्हणजे वाटे संहतीवर अवलंबून नसतात हे फक्त विरल द्रावणात म्हणावे. दहापट तीव्र फॉस्फेट सलाइन ६.८ च्या आसपास असते आणि दहापट विरल केले की ७.४ ला येते, तेही यामुळेच ना? मी आजवर ते पाण्याच्या सामूमुळे होते असे समजत होतो.

तरी एक आक्षेप उरतो. मीटर समोर असताना एवढी कसरत कशासाठी? शांतरस यांनी केले तसे थेंब टाकत ७.४ ला आणावे.

मोजपट्टी

हो, सलाइनचे कारण तेच, त्यात मिठाचे आयनही गर्दीत भर घालतात. बफर करण्यापुरते म्हणाल तर थेंब टाकणे अगदी योग्य, मीही तेच करतो. पण चंचुपात्र यांना वाट्यांचा आकडा हवा आहे, आणि मीटर तो देत नाही. ७.४ दाखवणाऱ्या मीटरकडे पाहून कोणी ६१ टक्के लिहिले तर आकडा १९ टक्क्यांनी चुकलेला असेल आणि बाटलीत काहीच वावगे दिसणार नाही. द्रावणात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असेल तर मात्र हा सगळा हिशेब अपुरा पडतो, कारण तेव्हा फॉस्फेटचा काही भाग त्या आयनांशी जोडला जातो आणि चार रूपांच्या यादीत बसत नाही.

चंचुपात्र

८० आणि २० ने आज द्रावण केले. मीटर ७.३८. समाधान झाले.

आता एक पुढचा प्रश्न. पत्रकात मी १२ सामूची ओळही ठेवली आहे. १२.३५ घेऊन PO₄³⁻ ३१ टक्के येतो. मोजपट्टी यांच्या पद्धतीने तिसऱ्या pK लाही सुधारले, फरक नऊ उणे चार म्हणजे पाच धरला, ०.१ मोलर फॉस्फेटला I सुमारे ०.५ आली, pK3' ११.६८ आणि वाटा ६८ टक्के. एकाच ओळीत ३१ आणि ६८? कोणता लिहू?

अर्धमोल

६८ लिहा. सुधारणेची दिशा नक्की बरोबर आहे, आणि ०.१ मोलर द्रावणाला अनंत विरल मानण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

मोजपट्टी

दिशा बरोबर आहे, आकड्याची हमी मी देणार नाही. डेव्हिस समीकरण ०.५ च्या आसपास आपल्या मर्यादेच्या काठावर असते, आणि तिहेरी प्रभाराच्या आयनासाठी त्यातली लहान चूकही पाचपटीने pK मध्ये उतरते. सोडियम आयन PO₄³⁻ शी जोड्या जमवतो, ते या समीकरणाला दिसत नाही. मूळ १२.३५ सुद्धा पुस्तकागणिक १२.३२ ते १२.३८ असे बदलते. त्यात १२ सामूला भरपूर सोडियम असलेल्या द्रावणात साधा काचेचा इलेक्ट्रोड सोडियमलाही थोडा प्रतिसाद देतो आणि सामू खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणजे १२ हा आकडाही पक्का धरता येत नाही. मी असतो तर Na₃PO₄ आणि Na₂HPO₄ यांचे तोललेले मिश्रण करून शांतरस यांच्यासारखे उलट मोजले असते. पण तिथे OH⁻ तयार करण्यात PO₄³⁻ चा जो भाग खर्च होतो तोही वजा करावा लागेल, तोललेले मोल म्हणजेच वाटे असे तिथे म्हणता येणार नाही.

अर्धमोल

म्हणजे ना ३१, ना ६८. मग त्या चौकोनात लिहायचे काय? मला अजूनही ६८ च जवळचे वाटते.

चंचुपात्र

तूर्त १२ ची ओळ कोरी ठेवतो. कमी सोडियम-त्रुटीचा इलेक्ट्रोड मिळाला की दोन-तीन मिश्रणे करून इथेच आकडे टाकेन.